परदेशातली हिवाळी घरं : घोळणा का फुटतो, हँडलला झटका का बसतो?

मागच्या महिन्याच्या बैठकीत हिशेब संपल्यावर आमच्या गटातल्या एका काकूंनी विषय काढला. त्यांच्या मुलीला दिवस गेले आहेत, ती कॅनडात असते आणि बाळंतपण जानेवारीत आहे. काकूंचं तिकीट निघालं आहे. त्यांनी विचारलं, "तिथं थंडीत काय काय सोबत न्यावं?" तेव्हा दोन वर्षांपूर्वी अशाच कामासाठी टोरांटोला जाऊन आलेल्या दुसऱ्या काकू म्हणाल्या, "स्वेटर कमी न्या, पण नाकाची काळजी घ्या." सगळ्या हसल्या. पण त्यांनी पुढं जे सांगितलं ते ऐकून आम्हाला वाटलं, हे रेडिओवर नीट समजावून सांगायला हवं. आपल्या भागातल्या पुष्कळ आया आता लेकीच्या बाळंतपणाला अशा थंड देशांत जातात.

त्या काकू डिसेंबरात गेल्या. बाहेर उणे दहा, घरात मात्र उबदार. तिथल्या बहुतेक घरांत तळघरात गॅसची भट्टी असते. ती हवा तापवते आणि जमिनीतल्या किंवा भिंतीतल्या जाळ्यांतून प्रत्येक खोलीत सोडते. भिंतीवर एक छोटं बटणांचं यंत्र असतं, त्याला थर्मोस्टॅट म्हणतात. त्यावर जेवढे अंश लावाल तेवढ्यावर घर राहतं. काकूंना रात्री पाय गार वाटायचे. लेक-जावई झोपले की त्या हळूच एकवीसचे पंचवीस करायच्या.

तीन-चार दिवसांत एकेक गोष्ट सुरू झाली. पिंडऱ्यांना खाज सुटली आणि कातडीवर पांढऱ्या रेघा उमटू लागल्या. ओठ फाटले. सिंथेटिक साडी पायांना चिकटून बसायची. गालिच्यावरून लोकरी मोजे घालून चालत गेल्या आणि दाराच्या हँडलला हात लावला की चट्‌कन झटका बसायचा, अंधारात ठिणगीही दिसायची. "दारात करंट उतरलाय," असं त्यांनी जावयांना सांगितलं. बाळाला उचलताना त्यालाही चटका बसला आणि ते दचकून रडलं, तेव्हा तर त्या घाबरल्याच. पाचव्या रात्री त्यांचा घोळणा फुटला.

आपल्याकडे घोळणा फुटला की काय करतात, ते त्यांनी केलं. उताण्या पडल्या आणि लेकीला म्हणाल्या, "कांदा फोडून हुंगायला दे." रक्त घशात उतरलं, मळमळलं, उलटीत रक्त दिसलं आणि घरात रडारड झाली. तिथल्या नर्सने फोनवर सांगितलं ते आपण सगळ्यांनी लक्षात ठेवायचं आहे. बसायचं, मान मागे न टाकता थोडं पुढं वाकायचं. हाडाच्या खालचा, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरायचा आणि तोंडानं श्वास घ्यायचा. दहा मिनिटं घड्याळ लावून धरायचं, मध्येच सोडून बघायचं नाही. थांबलं नाही तर पुन्हा दहा मिनिटं. तरीही वाहतच राहिलं तर दवाखान्यात जायचं. काकू हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेतात. अशा गोळीवर असणाऱ्या बाईनं डॉक्टरांना लवकर कळवावं, पण गोळी आपल्या मनानं बंद करू नये.

दहा मिनिटांत रक्त थांबलं. आता प्रश्न उरला तो कारणाचा. काकूंना वाटत होतं, घरातली गरमी अंगात चढली. त्यांचं अर्धं बरोबर होतं.

हवेत पाणी वाफेच्या रूपात असतं. थंड हवा म्हणजे लहान गडू आणि गरम हवा म्हणजे मोठी घागर, असं समजा. उणे दहा अंशाला एक घनमीटर हवेत जेमतेम दोन ग्रॅम पाणी मावतं. तीच हवा फटींतून घरात आली आणि पंचवीस अंशाला तापली की तिच्यात तेवीस ग्रॅम मावण्याची जागा होते. पाणी तेवढंच, भांडं दहापट मोठं. आपण हवेत "इतके टक्के ओलावा" म्हणतो, तो हे भांडं किती भरलं आहे त्याचा आकडा. रिकामं भांडं मग जिथून मिळेल तिथून पाणी ओढतं : आपल्या कातडीतून, ओठांतून, नाकाच्या आतल्या पातळ अस्तरातून. नाकाच्या पुढच्या भागात, मधल्या पडद्यावर बारीक शिरांचं जाळं असतं. अस्तर वाळून तडकलं की तिथूनच रक्त येतं.

आपल्या गोंदियातही डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, टाचा फुटतात, ओठ उलतात. पण दहा अंशाच्या हवेत नऊ ग्रॅमच्या वर पाणी मावतं आणि आपण घर तापवत नाही. दुपारी ऊन पडलं तरी भांडं तिसरा हिस्सा तरी भरलेलं राहतं. म्हणून आपल्याकडे उलतं, तिथं रक्त येतं.

झटक्याचं कारणही हेच. शाळेत कंगवा कोरड्या केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचो, आठवतं? पावसाळ्यात तो खेळ जमत नसे. हवेत ओलावा असला की वस्तूंवर पाण्याचा न दिसणारा थर असतो आणि साठलेली वीज त्यातून निघून जाते. कोरड्या हवेत ती गालिच्यावर घासलेल्या पायांतून अंगावर साठते आणि लोखंडाला हात लागताच एकदम सुटते. दारात करंट नव्हता, काकूंच्या अंगात होता. त्यानं इजा होत नाही. काकूंनी मग दोन सवयी लावल्या. साडी आणि मोजे सुती घातले आणि बाळाला उचलण्याआधी हातातल्या किल्लीनं पलंगाच्या लोखंडी पायाला स्पर्श करायचा. ठिणगी किल्लीवर सुटते, बोटाला लागत नाही आणि बाळालाही नाही.

पण मूळ उपाय हवेतच करायचा होता. जावयांनी ओलावा मोजायचं छोटं यंत्र आणलं. त्याला हायग्रोमीटर म्हणतात आणि ते महाग नसतं. बाळाच्या खोलीत ठेवलं, तर आकडा दिसला सतरा. तिथं घरात तीस ते पन्नास टक्के ओलावा चांगला मानतात.

पहिला उपाय फुकटचा होता : थर्मोस्टॅट पंचवीसवरून एकवीसवर. हवेत पाणी तेवढंच, पण भांडं लहान झालं, म्हणून सतराचे बावीस झाले. जागेपणी वीस-एकवीस अंश पुरतात, नवजात बाळाच्या खोलीलाही वीस ते बावीस चांगले. रात्री मोठ्यांच्या खोल्या एक-दोन अंश आणखी उतरवल्या तरी चालतं, मात्र म्हाताऱ्या माणसांच्या घरात अठराच्या खाली जाऊ नये. काकूंचे गार पाय दोन पायमोजे आणि एक जाड पांघरूण यांनी भागले. अमेरिकेत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथं आकडा फॅरनहाइटमध्ये असतो. तिथले सत्तर म्हणजे आपले एकवीस.

दुसरा उपाय हवेत पाणी घालण्याचा. त्यासाठी गार वाफ सोडणारं ह्युमिडिफायर आणलं. गरम वाफेचं आणलं नाही, लहान मुलांच्या घरात ते सांडून भाजण्याची भीती असते. पाणी किती लागतं? खोली चार मीटर लांब, तीन रुंद, अडीच उंच, म्हणजे तीस घनमीटर. बावीसचे पस्तीस टक्के करायला दर घनमीटरला अडीच ग्रॅमच्या आसपास पाणी वाढवावं लागतं. हवा सतत बाहेर जात राहते, दोन तासांत खोलीतली सगळी हवा बदलते असं धरलं तर आठ तासांच्या रात्रीला साधारण पाव ते अर्धा लिटर. दार उघडं राहिलं तर ओलावा घरभर पसरतो आणि पाणी जास्त लागतं. टाकीतलं पाणी रोज ओतून टाकायचं, दर दोन-तीन दिवसांनी टाकी घासून वाळवायची. शिळ्या पाण्यात जंतू वाढतात आणि यंत्र तेच हवेत उडवतं. नळाच्या क्षारयुक्त पाण्यानं सामानावर पांढरी धूळ बसते, म्हणून दुकानात मिळणारं डिस्टिल्ड पाणी वापरलं.

ओलावा जास्त झाला हे खिडकी सांगते. सकाळी काचेच्या खालच्या कडेला पाणी ओघळलेलं दिसलं, की यंत्र कमी करायचं. नाहीतर चौकटीत काळी बुरशी धरते आणि ती बाळाच्या छातीला वाईट. बाहेर उणे वीस झालं तेव्हा पस्तीस टक्क्यांवरही काच ओली होऊ लागली, म्हणून त्या दिवसांत त्यांनी आकडा तिसाच्या खाली येऊ दिला. मोठी थंडी असेल तेव्हा तेवढ्यावर समाधान मानावं लागतं.

उरलं ते अंगाला लावण्याचं. कडक पाण्याची लांब आंघोळ कातडीचं तेल धुऊन नेते. म्हणून कोमट पाणी, पाच-दहा मिनिटं, साबण फक्त काखा, जांघा आणि पायांना. अंग टिपून ओलसर असतानाच व्हॅसलिन किंवा जाड क्रीम लावायचं. नाकात मिठाच्या पाण्याचे तयार थेंब, आणि झोपताना कडेला बोटाच्या टोकावर मावेल एवढं व्हॅसलिन. बाळाच्या नाकात मात्र मालिशच्या वेळी तेल सोडायचं नाही. ते श्वासातून फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होऊ शकतो. बाळाची कातडी पहिल्या दोन आठवड्यांत सोलते ती बऱ्याचदा आपोआपच, त्यासाठी डाळीचं पीठ चोळू नका.

एक गोष्ट काकूंनी मुद्दाम सांगायला लावली. त्यांना शेक-शेगडी आणि ओव्याची धुरी द्यायची होती. तिथली घरं घट्ट बंद असतात. निखाऱ्यांतून वास नसलेला विषारी वायू निघतो आणि तो माय-लेकरांना झोपेतच मारू शकतो. शेकायला गरम पाण्याची पिशवी वापरा, टॉवेलात गुंडाळून. आपल्या घरीही शेगडी पेटवून दार बंद करून झोपू नका.

आठ दिवसांत काकूंची खाज गेली, झटके क्वचित राहिले, घोळणा पुन्हा फुटला नाही. आता जाणाऱ्या काकूंच्या पिशवीत आम्ही सुती मोजे, सुती साड्या आणि व्हॅसलिनची डबी लिहून दिली आहे. हायग्रोमीटर त्या तिथं घेणार आहेत. पोचल्यावर पहिला आकडा किती दिसतो, ते त्या गटाच्या फोनवर कळवणार आहेत.