तक्रार-अहवालाचे पुनर्लेखन : वस्तुस्थिती आणि संशय

संस्थेतील गैरव्यवहार वरिष्ठांच्या निदर्शनास आणणारा कर्मचारी पुष्कळदा संतापाच्या भरात लिहितो. त्यामुळे त्याने पाहिलेले आणि तर्काने ठरवलेले एकाच वाक्यात मिसळते. पुढील काल्पनिक वाक्य पाहा :

'भांडारप्रमुखांनी पुरवठादाराशी संगनमत करून सिमेंटची ५० पोती लाटली.'

'संगनमत' आणि 'लाटली' हे शब्द हेतू सिद्ध झाल्याचे गृहीत धरतात. लेखकाने प्रत्यक्षात पाहिल्या आहेत त्या केवळ दोन नोंदी. म्हणून पुनर्लेखन असे करावे :

वस्तुस्थिती : '१२ मार्चच्या माल-पावतीत २०० पोती मिळाल्याची नोंद आहे (पुरावा १). त्याच दिवशी फाटकावरील नोंदवहीत १५० पोती आत आल्याची नोंद आहे (पुरावा २). दोन्ही नोंदींत ५० पोत्यांची तफावत आहे.'

संशय : 'माल कमी येऊनही पूर्ण पावती दिली गेली असावी, असे मला वाटते. दुसरी गाडी नोंदवायची राहून गेली असण्याचीही शक्यता आहे. साठा-नोंदवही तपासावी.'

पहिल्या भागातील 'आहे' निश्चय दाखवते, तर दुसऱ्यातील 'असावी' संभव. '५० पोती आलीच नाहीत' असे पहिल्या भागात लिहिलेले नाही, हेही लक्षात घ्या. नोंद नसणे म्हणजे माल नसणे नव्हे.

संशय मात्र गाळू नये, कारण तपासाची दिशा त्यातूनच कळते. पण तो वस्तुस्थिती म्हणून मांडल्यास निर्दोष व्यक्तीला कलंक लागू शकतो. शिवाय तो खोटा ठरताच खऱ्या नोंदींवरचा विश्वासही उडतो.