मेदाचा जमाखर्च

स्वादुपिंड इतक्या मुबलक प्रमाणात पाचकरस निर्माण करते की, त्याचा बराच भाग निकामी झाल्यावरही माणसाच्या जेवणाखाण्यात त्याची काही खूण उमटत नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डिमॅग्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली असे दाखवून दिले की, मेद पचविणाऱ्या लायपेज या एन्झाइमचा स्राव स्वाभाविक प्रमाणाच्या एक-दशांशाखाली उतरल्यावाचून शौचावाटे मेद वाहून जाऊ लागत नाही. सबब, जुनाट स्वादुपिंडदाहाच्या रोग्याला फिकट, तेलकट, उग्र वासाचे आणि पाणी ओतूनही भांड्याला चिकटून राहणारे शौच होऊ लागले, म्हणजे त्या ग्रंथीची बहुतेक शक्ती आधीच खर्ची पडली आहे असे समजावे. पाश्चात्त्य देशांत या रोगाच्या मुळाशी बहुधा मद्य असते; केरळात मात्र मद्याचा थेंबही न घेतलेल्या तरुणांच्या स्वादुपिंडात खडे होऊन हाच रोग जडतो, आणि त्याचे सविस्तर वर्णन करणारा डॉ. गीवर्गीस यांचा ग्रंथ १९६८ साली मुंबईतच प्रसिद्ध झाला होता.

उपाय म्हणून डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेली एन्झाइमे कॅप्सूलमधून देतात. लायपेज हे जठरातील तीव्र आम्लात कायमचे नष्ट होत असल्यामुळे कॅप्सूलमधील बारीक कणांवर असे आवरण चढविलेले असते की, ते जठरात टिकावे आणि पुढे लहान आतड्याच्या आरंभी, आम्लता ओसरल्यावर, विरघळावे. प्रौढ रोग्याला मुख्य जेवणाबरोबर ४० ते ५० हजार युनिट लायपेज, आणि मधल्या खाण्याबरोबर त्याच्या निम्मे, अशी सुरुवात करण्याचा प्रघात आहे. परंतु कागदावर लिहिलेली मात्रा आणि आतड्यात प्रत्यक्ष कामास आलेली मात्रा या दोन निरनिराळ्या गोष्टी होत, आणि या दोहोंतील तफावत ओळखणे हाच येथे खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर भलत्याच ठिकाणी शोधले जाते. रोगाचे निदान करताना शौचातील इलॅस्टेज मोजतात. ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमहून कमी आल्यास स्वादुपिंडाच्या दुर्बलतेचा संशय येतो आणि १०० हून कमी आल्यास तो बळकट होतो. पण ही चाचणी केवळ मानवी इलॅस्टेज ओळखते, डुकराचे नव्हे. त्यामुळे कॅप्सूल सुरू केल्यावर ती कितीदाही केली, तरी आकडा होता तेथेच राहतो आणि उपचार लागू पडला की नाही याविषयी ती काहीही सांगत नाही. रोग्याला बरे वाटते की नाही, हा दुसरा पुरावाही वाटतो तितका भरवशाचा नाही, आणि याचे कारण एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल.

पंचेचाळीस वर्षांचा एक गृहस्थ आहे असे समजू. आजारात त्याचे वजन ६० किलोवरून ४८ वर आले. त्याला प्रत्येक जेवणापूर्वी २५ हजार युनिटांची एक कॅप्सूल मिळते आणि घरच्या मंडळींनी त्याचे तेल-तूप जवळजवळ बंद केले आहे. सहा महिन्यांनी तो सांगतो की, शौच आता ठीक होते. वजनाचा काटा मात्र ४९ वरच अडलेला असतो. अशा वेळी मेदाचा उघड जमाखर्चच मांडावा लागतो. पाच दिवस रोज १०० ग्रॅम मेद असलेला आहार द्यावयाचा, शेवटच्या तीन दिवसांचे सर्व शौच गोळा करावयाचे आणि त्यातील मेद मोजावयाचा. निरोगी माणसाचा रोजचा खर्च ७ ग्रॅमच्या आत राहतो, म्हणजे ९३ टक्के मेद शरीरात जमा होतो. या गृहस्थाच्या तीन दिवसांच्या शौचात ८४ ग्रॅम मेद निघाला. म्हणजे रोज २८ ग्रॅम वाया, आणि जमा केवळ ७२ टक्के. आता घरच्या ३० ग्रॅम मेदाच्या आहाराला हेच प्रमाण लावून पाहावे: वाया जाणारा मेद सव्वाआठ-साडेआठ ग्रॅमच भरतो, जो डोळ्यांना सहसा दिसत नाही. पथ्याने दोष गेला नव्हता, झाकला गेला होता. आणि त्याच पथ्याने त्याची उपासमारही चालली होती. मेद सरसकट तोडण्याचा सल्ला आता देत नाहीत, तो याचसाठी.

येथून पुढे एकेक कारण क्रमाने तपासावे. प्रथम वेळ आणि मात्रा: मुख्य जेवणाला ५० हजार युनिट, त्यांपैकी निम्मी पहिल्या घासाबरोबर व निम्मी जेवणाच्या मध्यावर, कण न चावता. असे केल्यावर आपल्या गृहस्थाचा रोजचा खर्च १५ ग्रॅमवर आला. पण आजारी स्वादुपिंड आम्ल शमविणारे बायकार्बोनेटही पुरेसे सोडत नाही. मग आतड्याच्या आरंभी आम्लता तशीच राहते, कणांवरचे आवरण वेळेवर विरघळत नाही आणि पित्तरसाचे कामही मंदावते. म्हणून आम्लाचा स्राव कमी करणारे औषध जोडले, तेव्हा खर्च ९ ग्रॅमवर, म्हणजे जमा ९१ टक्क्यांवर आली. एवढ्यानेही फरक न पडता, तर कॅप्सूल खरोखर घेतली जाते काय, ती उन्हाच्या खोलीत ठेवून निकामी झाली काय, आतड्यात जंतूंची अवाजवी वाढ किंवा जिआर्डियाचा उपद्रव आहे काय, हे पाहणे प्राप्त होते. नुसती मात्रा चढवीत जाणे हे उत्तर नव्हे.

मेदाबरोबर अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही वाहून जातात; पण त्यांचे आकडे वाचताना प्रत्येकाची निराळी खोड ध्यानी धरावी लागते. या गृहस्थाच्या रक्तात रेटिनॉल डेसिलिटरमागे १६ मायक्रोग्रॅम भरले, आणि संध्याकाळी त्याला उंबरा दिसेनासा झाला होता, तेव्हा अ जीवनसत्त्वाची उणीव खरी ठरली. एरवी अंगात दाह असला किंवा झिंक आणि प्रथिने कमी असली, तरीही हा आकडा खाली येतो. ई जीवनसत्त्व लिटरमागे ४.२ मिलिग्रॅम, वरवर पाहता कमीच. परंतु ते रक्तातील मेदावर स्वार होऊन फिरते, आणि त्याच्या रक्तात एकूण मेदच लिटरमागे ३.५ ग्रॅम होता. ग्रॅममागे १.२ मिलिग्रॅम हे प्रमाण ०.८ या किमान मर्यादेच्या वर असल्यामुळे ती उणीव केवळ भासमान ठरली. ड जीवनसत्त्व मिलिलिटरमागे ९ नॅनोग्रॅम, म्हणजे फारच कमी. तथापि आपल्या देशात धडधाकट माणसांतही ते कमी आढळते, म्हणून एवढ्यावरून कॅप्सूलला दोष देता येत नाही, हाडांची घनता मात्र अवश्य मोजावी. के जीवनसत्त्वाचा अंदाज रक्त गोठण्याच्या वेळेवरून करतात. त्याचा आय.एन.आर. १.५ होता, १० मिलिग्रॅम जीवनसत्त्व टोचल्यावर दुसऱ्या दिवशी तो १.१ झाला, तेव्हा दोष यकृताचा नसून शोषणाचा होता हे उलगडले. मात्र ही चाचणी उणीव बरीच वाढल्यावरच बोलते. तिचा निकाल स्वाभाविक आला म्हणजे साठा भरलेला आहे, असे मुळीच नाही.

यानंतर कमी असलेलीच जीवनसत्त्वे द्यावीत आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजावीत. विशेषतः अ जीवनसत्त्व आंधळेपणाने देत राहिल्यास यकृताला व हाडांना अपाय होतो. घरी ही कॅप्सूल घेणारे कोणी असल्यास शौच सुधारले एवढ्यावर समाधान मानू नये: दरमहा वजन टिपून ठेवावे, तेल-तूप आपल्या मनाने तोडू नये, आणि वर्षातून एकदा या चारही जीवनसत्त्वांची तपासणी डॉक्टरांकडून आग्रहाने करून घ्यावी.