तो रजेवर असताना लाईन किती वेळ बंद राहिली?

समजा, चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग काढणारी प्रेस लाईन आहे. ती चालते पीएलसीवर, म्हणजे कुठला भाग कधी हलायचा हे ठरवणाऱ्या छोट्या औद्योगिक संगणकावर. त्यातला प्रोग्रॅम एकाच सीनियर इंजिनिअरला कळतो. प्रोग्रॅमला कमेंट नाहीत, ताजा बॅकअप त्याच्या लॅपटॉपमध्ये आहे आणि ज्युनिअरने काही विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘तू राहू दे, मी बघतो.’ तो आला की अर्ध्या तासात लाईन सुरू होते. मार्चमध्ये त्याच्या अप्रेझलचा फॉर्म मॅनेजरसमोर येतो. मॅनेजर एक तर सगळीकडे पाचपैकी पाच देतो, नाहीतर वर्षभराचा राग ‘टीमवर्क कमी’ अशा दोन शब्दांत काढतो. दोन्ही चुकीचं आहे.

हा प्रकार जुना आहे. मिशेल क्रोझिए या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने तिथल्या सरकारी तंबाखू कारखान्यांचा अभ्यास करून 1963 साली पुस्तक लिहिलं. तिथे जवळजवळ प्रत्येक गोष्टीला नियम होता. यंत्र कधी बंद पडेल, एवढंच कोणाच्या हातात नव्हतं आणि ते दुरुस्त करणं फक्त मेंटेनन्सवाल्यांना यायचं. यंत्रांचे नकाशे आणि देखभालीच्या सूचना कारखान्यांतून नाहीशा झाल्या होत्या. माहिती तोंडी चालायची आणि ती बाहेर जाणार नाही याची काळजी घेतली जायची. यंत्रावरचे कामगार आणि वरचे साहेब दोघंही त्यामुळे त्यांच्यावर अवलंबून होते. क्रोझिएला यात सत्ता दिसली, ती मला पटते. ज्ञान दडवणाऱ्याला नुसतं ‘स्वभावाने तसा’ म्हणून सोडून दिलं, की मूल्यमापन तिथेच फसतं.

मग मोजायचं काय? ब्रेकडाऊनचं लॉगबुक काढा आणि वर्षभरातल्या नोंदी दोन भागांत वाटा: तो हजर असतानाच्या आणि तो रजेवर किंवा दुसऱ्या शिफ्टला असतानाच्या. आपल्या उदाहरणात तो असताना एका बिघाडाला सरासरी 30 मिनिटं लागली आणि नसताना 5 तास. पहिला आकडा त्याच्या कौशल्याचा आहे, त्याला पूर्ण गुण द्यावेत, हात आखडू नये. दुसऱ्या आकड्यातून कारखान्याने उचललेली जोखीम दिसते. दोन्हींची सरासरी काढून ‘चांगला’ असा मधला शेरा मारला, तर दोन्ही गोष्टी झाकल्या जातात. मात्र तुलना सारख्या बिघाडांचीच करावी. रात्रपाळीत सुटा भाग मिळाला नाही म्हणून गेलेले तास त्याच्या नावावर लावणं अन्याय आहे.

दुसरा प्रश्न अवघड आहे. वर्षाच्या सुरुवातीला ठरलेल्या केआरएमध्ये, म्हणजे जबाबदाऱ्यांच्या यादीत, दुसऱ्याला शिकवणं होतं का? बहुतेक वेळा नसतं. यादीत असतं ते ‘डाऊनटाइम कमी करणे’, आणि ते तर त्याने केलेलं असतं. वर, रात्री दोनला धावून आला म्हणून टाळ्या आणि बक्षीसही मिळालेलं असतं. अशा वेळी न सांगितलेल्या कामासाठी यंदाचे गुण कापू नयेत. जोखीम फॉर्मवर आकड्यांसह लिहावी, आणि मॅनेजरच्या स्वतःच्या फॉर्मवरही लिहावी, कारण ती त्याने वाढू दिली आहे. इन्क्रिमेंट कौशल्याप्रमाणे द्यावं. टीम लीडची बढती मात्र थांबवावी, कारण त्या पदाचं कामच माणसं तयार करणं आहे.

पुढच्या वर्षासाठी ‘डॉक्युमेंटेशन करणे’ एवढंच लिहिलं, तर फेब्रुवारीत कुणाच्या उपयोगाची नसलेली चाळीस पानं जमा होतील. शिवाय कसलेल्या माणसाचं बरंचसं ज्ञान कानात आणि बोटांत असतं. सेन्सर गेलाय की नुसती वायर सैल आहे, हे तो आवाजावरून ओळखतो. ते कागदावर पूर्ण उतरत नाही, त्यामुळे त्याचं ‘लिहून येत नाही’ हे म्हणणं नेहमीच बहाणा नसतो. म्हणून कसोटी अशी ठेवावी: नेहमी होणारे पाच बिघाड निवडायचे, ज्युनिअरने यंत्राला हात लावायचा, याने शेजारी उभं राहून फक्त बोलायचं आणि नोंदी ज्युनिअरने लिहायच्या. तीन महिन्यांनी तो कारखान्यात नसताना ज्युनिअरला ते पाचही बिघाड एका तासाच्या आत काढता आले पाहिजेत. यासाठी आठवड्यातले काही तास मोकळे करून द्यावे लागतात. ते दिले नाहीत तर हे उद्दिष्ट त्याच्यावर लादण्याचा हक्क कंपनीला उरत नाही.

बॅकअप आणि पासवर्ड यांची गोष्ट वेगळी. ते कंपनीचे आहेत, त्यासाठी अप्रेझलची वाट बघायची नाही, या आठवड्यात सर्व्हरवर मागून घ्यायचे.

बैठकीत मॅनेजरने एक प्रश्न सरळ विचारावा: ‘सगळं शिकवून झाल्यावर आपली गरज संपेल, असं तुम्हाला वाटतं का?’ बऱ्याचदा नकाराचं मूळ तिथेच असतं आणि ती भीती खोटीही नसते, कारण शिकवून झाल्यावर घरी पाठवलेली माणसं त्याने पाहिलेली असतात. त्यावर नुसता तोंडी शब्द पुरत नाही. नवी लाईन बसवण्याचं काम, सल्लागाराचं पद, असं जे काही देणार ते त्याच फॉर्मवर तारखेसह लिहून द्यावं. एवढं करूनही पुढच्या मार्चमध्ये तो ज्युनिअरला यंत्राजवळ येऊ देत नसेल, तर यंदा ठरलेला निकष मोडल्याबद्दल गुण कापावेत आणि दुसरा माणूस तयार करायला बाहेरून प्रोग्रॅमर आणावा, खर्च आला तरी.