पुढच्या डोसआधीचं रक्त

समजा, ७२ वर्षांचे, ६० किलो वजनाचे आजोबा मूत्रपिंडाच्या जंतुसंसर्गाने दाखल आहेत. त्यांना सकाळी आठ वाजता सलाइनमधून अर्ध्या तासात ९०० मिलिग्रॅम अमिकासिन दिलं जातं, म्हणजे किलोमागे १५ मिलिग्रॅम. दिवसभराचा सगळा डोस एकदाच. घरच्यांना वाटतं, दोनदा विभागून दिलं तर शरीराला सोसेल. खरं तर उलट आहे.

अमिकासिन आणि जेंटामायसिन ही औषधं जितकी दाट होऊन जंतूंवर पडतात, तितके जंतू झपाट्याने मरतात. औषध ओसरल्यावरही उरलेले जंतू काही तास डोकं वर काढत नाहीत. मूत्रपिंडाच्या पेशींचं गणित मात्र वेगळं. त्या औषध ओढून घेतात, पण एका वेळी ठरावीकच. शिखर उंच गेलं म्हणून जास्त ओढत नाहीत. त्यांना घातक ठरतं ते रक्तात रेंगाळणारं थोडं थोडं औषध. म्हणून एक उंच शिखर, आणि मग दीर्घ विश्रांती.

ही विश्रांती मिळतेय का, हे पुढच्या डोसआधी घेतलेल्या रक्तातून कळतं. त्याला डॉक्टर ‘ट्रफ’ म्हणतात. सलाइन संपल्यावर अर्ध्या तासाने मोजतात तो ‘पीक’. आजोबांचा पीक लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या आसपास आला. तिसऱ्या दिवशी ट्रफ दोनच्या खाली होता, म्हणजे ठीक. पाचव्या दिवशी तो सहा झाला आणि क्रिएटिनिन १.१ वरून १.५ वर गेलं. हिशेब सोपा आहे: औषध निम्मं व्हायला आता आठ तास लागतात, म्हणून ५० चे २५, मग साडेबारा, आणि चोवीस तासांनी सहा. निरोगी तरुणाच्या शरीरात ते दोन-तीन तासांतच निम्मं होतं.

लघवी तर नेहमीइतकीच होत होती! इथेच फसगत होते. या औषधाने मूत्रपिंड बिघडतं तेव्हा लघवी बहुधा कमी होत नाही, म्हणून रक्त तपासावंच लागतं. अशा वेळी डॉक्टर पुढचा डोस थांबवतात, आणि औषध अजून लागणार असेल तर डोस फार न कापता दोन डोसमधलं अंतर वाढवतात. शक्य असेल तर कल्चरचा रिपोर्ट पाहून औषधच बदलतात. रक्त मात्र दुसऱ्या हातातून घ्यायला हवं आणि वेळ चिठ्ठीवर लिहायला हवी. औषध गेलेल्याच नळीतून घेतलं, तर आकडा खोटा फुगतो.

मूत्रपिंड बहुतेकदा सावरतं. कान सावरत नाही, कारण आतल्या कानातल्या केसपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. अमिकासिनने आधी अगदी बारीक, तीव्र आवाज जातात. बोलणं ऐकू येत असल्याने रुग्णाला पत्ताच लागत नाही. म्हणून उपचार लांबणार असतील तर सुरुवातीलाच श्रवणचाचणी करून ती अधूनमधून पुन्हा करतात, शक्यतो ८००० हर्ट्झच्या वरचे आवाज धरून. जेंटामायसिन जास्त करून तोल बिघडवतं: अंधारात पाय लटपटतात, चालताना समोरचं दृश्य हलतं. काहींना आईकडून आलेल्या एका जनुकीय बदलामुळे रक्तातली पातळी योग्य असूनही बहिरेपण येतं. त्यामुळे आजोळच्या नात्यात कुणाला इंजेक्शननंतर ऐकू येईनासं झालं असेल, तर ते पहिल्या डोसआधीच डॉक्टरांना सांगावं. कानात गुंई सुरू झाली, तर त्याच दिवशी.