जीन्सच्या मोहरीवर खालचा दोरा का डोकावतो?

जीन्सची उंची कमी करून आणली की आपण माप बघतो आणि पँट कपाटात ठेवतो. टाक्याकडे कुणी फारसं बघत नाही. मोहरी उजेडात धरली तर मात्र सोनेरी दोऱ्याच्या रांगेत, सुई जिथे जिथे आत गेली तिथे तिथे, एकेक निळा ठिपका दिसू शकतो. तो खाली बॉबिनमध्ये असलेला दोरा, वर खेचला गेलेला. कधी याच्या उलट होतं. वरून टाका सुबक दिसतो, पण पँट उलटी केली की आतल्या बाजूला सोनेरी दोऱ्याचे सैल फासे लोंबत असतात. असा टाका नुसता दिसायलाच वाईट नसतो. तो चालताना चपलेत, धुताना दुसऱ्या कपड्यात अडकतो आणि एका ठिकाणी तुटला की शिवण सैल होत जाते.

साध्या शिलाई मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. वरचा दोरा सुईबरोबर कापडातून खाली जातो, तिथे शटल त्याचा फासा पकडून बॉबिनभोवती फिरवतं आणि दोन्ही दोरे एकमेकांत अडकतात. मग मशीनच्या तोंडाशी वरखाली होणारा दांडा वरचा दोरा मागे ओढतो आणि अडकलेली जागा कापडात शिरते. दोन्ही दोऱ्यांचा ताण जुळलेला असेल तर ही गाठ कापडाच्या जाडीच्या मधोमध लपते. वरचा दोरा जास्त ओढत असेल तर गाठ वर येते, खालचा जास्त ओढत असेल तर खाली जाते.

यातूनच निदानाचा पहिला नियम मिळतो. ज्या बाजूला फासे दिसतात, तिथे ते दुसऱ्या बाजूच्या दोऱ्याचे असतात, आणि तोच दोरा तुलनेने सैल असतो. वर निळे ठिपके म्हणजे बॉबिनचा दोरा सैल, किंवा वरचा फार घट्ट. खाली सोनेरी फासे म्हणजे वरचा सैल, किंवा बॉबिनचा फार घट्ट. शंका असेल तर दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांकडे नीट बघा. जो दोरा कापडावर तारेसारखा सरळ पडलाय आणि टोकाला धरून ओढला तर सहज निघून येतो, तो घट्ट आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कंपनीत शिवलेल्या बऱ्याच जीन्सच्या मोहरीला आतून साखळीसारखे एकात एक गुंतलेले फासे असतात. तो दोष नव्हे. ती चेन स्टिचची शिवण आहे, तिच्यासाठी मशीनच वेगळं असतं. आल्टर करणाऱ्याच्या साध्या मशीनवर तसे फासे यायला नकोत.

आता एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू. कापड 14 औंसाचं, म्हणजे चौरस मीटरला साधारण पावणेपाचशे ग्रॅम वजनाचं, न ताणणारं डेनिम. वर टॉपस्टिचचा जाड सोनेरी दोरा, बॉबिनमध्ये नेहमीचा गडद निळा पॉलिएस्टर. टाक्याची लांबी साडेतीन मिलिमीटर. उंची कमी करताना पायाचा जो तुकडा कापला जातो, तो फेकायचा नाही. त्याच कापडाचा, त्याच जाड जोडांसकट मिळालेला यापेक्षा चांगला नमुना नाही. तो मोहरीसारखाच दोनदा दुमडायचा आणि त्यावर टाका टाकून बघायचा.

समजा वरच्या ताणाची चकती 4 वर आहे आणि नमुन्यावर निळे ठिपके आले. हात आपोआप चकतीकडे जातो. ती 2 वर आणली की ठिपके जातात आणि काम झालं असं वाटतं. पण शिवण दोन्ही हातांनी फाकवून बघा. दोन थरांच्या मधून दोरे दातांसारखे दिसतील. खालचा दोरा सैल होता, आता वरचाही सैल केला. गाठ मधोमध आली खरी, पण टाक्यात पकड राहिली नाही. तोल म्हणजे फक्त दोघांमधलं प्रमाण असतं. दोन्ही दोरे सैल असले तरी तोल साधतो आणि दोन्ही फार घट्ट असले तरी साधतो. घट्ट असले तर शिवण आक्रसते आणि ताण येताच तुटते.

म्हणून चकतीला हात लावण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. पहिली, दोरा ओवणं. वरचा दोरा प्रेसर फूट वर उचलूनच ओवायला हवा, कारण तो वर असतानाच ताणाच्या चकत्या सैल होतात. फूट खाली ठेवून ओवलं तर दोरा चकत्यांच्या मध्ये न बसता कडेवर राहतो आणि खाली फाशांचं अख्खं जाळं होतं. असं जाळं दिसलं तर ताण बदलू नका, पुन्हा ओवा. दुसरी, सुई. जाड दोऱ्याला 110/18 नंबरची जीन्सची सुई लागते. बारीक सुईच्या नाकात जाड दोरा घासतो, आणि तिने पाडलेलं भोक इतकं अरुंद असतं की गाठ आत शिरतच नाही. तिसरी गोष्ट डेनिममध्ये सर्वांत जास्त सापडते: बॉबिन केसमधला कचरा. डेनिम शिवताना निळा कापूस भुरभुर झडतो आणि केसच्या बाहेरच्या पातळ पट्टीखाली साठतो. दोऱ्याला दाबून धरणारी पट्टी हीच. तिच्याखाली कचरा अडकला की ती किंचित उचलली जाते, दाब कमी होतो आणि खालचा दोरा सैल सुटतो. कडक कागदाचा कोपरा पट्टीखालून दोऱ्याच्या दिशेने सरकवला की निळ्या कापसाची बारीक वात बाहेर येते.

आपल्या उदाहरणात तेच झालं होतं. केस साफ केल्यावर बॉबिनचा ताण तपासायचा. बॉबिन केसमध्ये घालून दोऱ्याचं टोक हातात धरा आणि केस हवेत लोंबकळू द्या. ती जागेवर थांबायला हवी. हाताला हलका झटका दिला की दोन-तीन बोटं खाली येऊन पुन्हा थांबायला हवी. झटका न देताच सरसर जमिनीकडे गेली तर ताण कमी आहे, झटक्यानेही हलली नाही तर जास्त आहे. केसच्या पट्टीवर सहसा दोन स्क्रू असतात. मधला, जरा मोठ्या डोक्याचा, ताणाचा. टोकाचा बारीक स्क्रू पट्टी धरून ठेवतो, त्याला हात लावायचा नाही. ताणाचा स्क्रू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की घट्ट होतो. एका वेळी घड्याळात बारापासून दीडपर्यंत काटा जाईल, एवढंच फिरवायचं आणि पुन्हा झटका देऊन बघायचं. फिरवण्याआधी स्क्रूच्या खाचेची दिशा पेनाने टिपून ठेवली की परतीचा रस्ता मोकळा राहतो.

खालचा ताण एकदा बसला की त्याला परत छेडायचं नाही. यापुढची सगळी जुळवाजुळव वरच्या चकतीने. दोन्हीकडे एकाच वेळी फिरवत बसलं की कुठल्या बदलाने काय झालं हेच कळेनासं होतं.

चकती पुन्हा 4 वर आणून नमुना शिवला. निळे ठिपके गेले, पण आता आतल्या बाजूला सोनेरी दोऱ्याचे बारीक उंचवटे जाणवतात. जाड दोऱ्याची हीच गंमत आहे. तो चकत्यांना जास्त फाकवतो, त्यामुळे त्याच आकड्यावर त्याला ताण जास्त बसतो. पण तो कडकही असतो, सहज वाकत नाही, आणि त्याची जाड गाठ घट्ट विणीतून वर ओढायला जोरही जास्त लागतो. या दोन परिणामांपैकी कुठला वरचढ ठरेल, ते कापड आणि दोरा बघून आधी सांगता येत नाही. म्हणून ‘जाड दोऱ्याला अमुक आकडा’ असं सूत्र नाही. शिवाय एका मशीनवरचा 4 आणि दुसऱ्यावरचा 4 यांचा ताण सारखा असेलच असं नाही. इथे अर्ध्या-अर्ध्या आकड्याने चढत 5 वर टाका बसला. खात्री करायला नमुना टाक्याच्या रेषेवरून कात्रीने सरळ उभा कापायचा. कापलेल्या कडेत थरांच्या मधोमध सोनेरी आणि निळ्या दोऱ्याची गाठ दिसली की झालं.

आता उरतो मोहरीचा सगळ्यात अवघड भाग. पायाच्या आतल्या बाजूचा जोड सहसा दोन्ही कापडं एकमेकांत दुमडून शिवलेला असतो, त्यामुळे तिथे कापडाचे चार थर होतात. मोहरी दोनदा दुमडली की साध्या जागी तीन थर आणि या जोडावर तब्बल बारा. साध्या जागी गाठीला जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर वर यायचं असतं, इथे त्याच्या तिप्पट-चौपट, तेही कोंबलेल्या थरांतून. वरच्या दोऱ्याचा जोर तोच, चढ मात्र मोठा. त्यामुळे गाठ खालीच राहते आणि नेमके उंचवट्यावरचे चार-पाच टाके खाली फासे सोडतात.

तेवढ्यासाठी चकती घट्ट केली, तर उंचवटा उतरताच वर निळे ठिपके हजर. ताणाचा एकच आकडा तीन थरांनाही आणि बाराला सारखा बसणार नाही, हे मान्य करावं आणि ताण साध्या जागेसाठीच लावावा. उंचवट्याचं औषध वेगळं आहे. तो शिवण्याआधी हातोडीने ठोकून चपटा करायचा. प्रेसर फूट उंचवट्यावर चढायला लागला की पुढून वर उचलला जातो आणि मागून टेकतो. सुईभोवतीचं कापड नीट दाबलं जात नाही, ते सुईबरोबर वर येतं आणि फासा बिघडतो किंवा टाकाच सुटतो. म्हणून फुटाच्या मागच्या भागाखाली तेवढ्याच जाडीची पुठ्ठ्याची किंवा डेनिमची घडी सरकवायची, म्हणजे फूट सपाट राहतो. उतरताना तीच घडी पुढच्या भागाखाली. हे टाके मोटरीने किंवा पायाने न घेता हाताने चाक फिरवून घ्यायचे. सुई अडली तर जोर न लावता थांबायचं, कारण वाकलेली सुई शटलवर आपटली की शटलला ओरखडा पडतो आणि मग दोरा कुठल्याही ताणावर तुटत राहतो.

आणि तरीही बारा थर फुटाखाली शिरतच नसतील, तर घरगुती मशीनवर हट्ट धरण्यात अर्थ नाही. अशा वेळी मोहरीच्या आत दडणाऱ्या दुमडीतून जोडाचे एक-दोन थर कातरून जाडी कमी करायची, नाहीतर ते काम जाड कापडाच्या मशीनवाल्याकडे द्यायचं.

पँट शिवून झाली की शेवटच्या नमुन्यावर पेनाने लिहून ठेवा: दोऱ्याची जाडी, सुई 110, टाका साडेतीन, वरचा ताण 5, आणि बॉबिनच्या स्क्रूच्या खाचेची दिशा. मग सुई बदला आणि चकती पुन्हा नेहमीच्या आकड्यावर आणा. डेनिमसाठी लावलेला ताण तसाच राहिला, तर पुढच्या पातळ सुती ब्लाउजची शिवण पहिल्याच टाक्यापासून आक्रसेल.