घड्याळाविना चालणारी चिप

संगणकाच्या बहुतेक चिपमध्ये एक घड्याळ ठोके देत असते. ठोका पडला की उत्तर तयार झाले, असे गृहीत धरले जाते. म्हणून तो सर्वांत संथ मार्गाला पुरेल इतका सावकाश ठेवावा लागतो. घड्याळ काढून टाकले, तर उत्तर पूर्ण आले हे कळणार कसे? एकाच तारेवर शून्य दिसले, तर ते खरे शून्य की अजून काही पोहोचलेच नाही, हे ओळखता येत नाही.

उपाय असा, की प्रत्येक बिटला दोन तारा द्यायच्या. पहिली उंचावली तर शून्य, दुसरी उंचावली तर एक. दोन्ही खाली असतील तर मूल्य यायचे आहे. दोन्ही वर असणे निषिद्ध. तसे दिसले तर बिघाड समजावा.

समजा, दोन बिटांतून २ हा आकडा, म्हणजे १०, पाठवायचा आहे. वरच्या बिटची ‘एक’ तार आधी उंचावते, खालच्या बिटची ‘शून्य’ तार रेंगाळते. प्रत्येक जोडीवरचे ऑर गेट ‘आले’ म्हणते आणि ते संकेत डेव्हिड मुलर यांच्या सी-एलिमेंटमध्ये जातात. दोन्ही संकेत वर गेले तरच ते वर जाते, दोन्ही खाली आले तरच खाली येते. एरवी जुनी स्थिती धरून ठेवते. इथे साधे अँड गेट लावले, तर एकच जोडी रिकामी होताच ते ‘सगळे रिकामे’ असे सांगेल आणि मागे रेंगाळलेला बिट पुढच्या आकड्यात मिसळेल.

पोच मिळाल्यावर सगळ्या तारा खाली येतात, मगच पुढचा आकडा निघतो. या खात्रीची किंमत म्हणजे दुप्पट तारा आणि प्रत्येक आकड्यामागे एक रिकामी फेरी.