पूर्ण आकडा दाखवणारं कार्ड

नवं ६४ जीबीचं मेमरी कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि विंडोजनं ५९.६ जीबी दाखवले, की बहुतेकांना पहिली शंका फसवणुकीची येते. चार-साडेचार जीबी गेले कुठे? मग दुकानदाराशी हुज्जत होते, ऑनलाइन घेतलेलं असेल तर एक स्टार देऊन कार्ड परत पाठवलं जातं. खरं तर ५९.६ हा आकडा अगदी बरोबर असतो. आणि बनावट कार्ड हमखास हाच आकडा दाखवतं. आकडा कमी दिसतोय म्हणून चांगलं कार्ड परत करायचं आणि पूर्ण दिसतोय म्हणून बनावट कार्ड निर्धास्तपणे वापरायचं, अशा दोन्ही चुका रोज होतात. दुसरी जास्त महागात पडते, कारण तिच्यात फोटो जातात.

आधी हिशेब. कार्ड बनवणारे १ जीबी म्हणजे १ अब्ज बाइट धरतात. विंडोज मात्र १०२४च्या पटीत मोजतं, त्यामुळे त्याचा १ जीबी १,०७,३७,४१,८२४ बाइटचा होतो. ६४ अब्ज बाइटना या संख्येनं भागलं की ५९.६ उरतात. बाइट तेवढेच, माप वेगळं. त्याच न्यायानं १२८ जीबीचं कार्ड ११९ आणि २५६ जीबीचं २३८च्या आसपास दिसतं. छापील आकड्याच्या साधारण ९३ टक्के, हे लक्षात ठेवलं की पुरे. फाइलींची नोंद ठेवायला आणखी थोडी जागा लागते, म्हणून थोडं इकडेतिकडे होतं. मॅकवर २००९पासून दशमान पद्धतीनं मोजतात, त्यामुळे तिथे तेच कार्ड ६४च्या जवळ दिसतं.

कधी मात्र आकडा फारच खाली येतो. ३२ जीबीचं कार्ड काही शे एमबीच दाखवतं. अशा वेळी ते कार्ड आधी रास्पबेरी पायसारख्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये वापरलं होतं का, ते आठवावं. त्यावर लिनक्सचे भाग पाडलेले असतात आणि विंडोजला त्यातला एक लहानसा भागच वाचता येतो. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघितलं तर उरलेली जागा तिथेच दिसते. आतला मजकूर नको असेल तर सगळे भाग काढून कार्ड नव्यानं फॉरमॅट केलं की ते पूर्ववत होतं. जुना कार्ड रीडर ३२ जीबीच्या वरची एसडीएक्ससी कार्डं ओळखत नाही, त्यामुळेही घोळ होतो. यापैकी कशातच लबाडी नाही.

लबाडी होते ती कार्डाच्या आतल्या कंट्रोलरमध्ये. नखाएवढ्या मायक्रोएसडी कार्डात दोन गोष्टी असतात. एक, माहिती साठवणारी फ्लॅश चिप. दुसरा कंट्रोलर, म्हणजे एक छोटा प्रोसेसर, जो बाहेरच्या जगाशी बोलतो आणि कुठली माहिती चिपवर कुठे जाईल ते ठरवतो. फोन किंवा कॅमेरा चिप मोजत नाही. तो कंट्रोलरला क्षमता विचारतो आणि मिळेल त्या उत्तरावर विश्वास ठेवतो. बनावट कार्ड बनवणारा स्वस्तातली १६ जीबीची चिप घेतो आणि कंट्रोलरमध्ये १२८ जीबी असं लिहून ठेवतो. हार्डवेअर संशोधक अँड्र्यू 'बनी' हुआंग यांनी २०१०मध्ये संशयास्पद कार्डं फोडून आत काय निघतं याचा माग काढला होता. २०१३च्या डिसेंबरमध्ये त्यांनी आणि शॉन क्रॉस यांनी काही कंट्रोलरमधला प्रोग्राम बाहेरून बदलता येतो हे जाहीर परिषदेत दाखवलं. कारखान्यात कार्ड तयार करताना वापरायचा दरवाजा पुढे नीट बंदच केलेला नव्हता.

आता हे कार्ड वापरताना काय होतं ते पाहू. १६ जीबीची चिप, छाप १२८ जीबीची. फोनमधला एक फोटो साधारण ४ एमबीचा धरला, तर पहिले चार हजारांच्या आसपास फोटो व्यवस्थित राहतात. गणपतीचे, सहलीचे, मुलाच्या वाढदिवसाचे, सगळे उघडतात. इतके फोटो काढायला काही महिने लागतात आणि तोवर परत करण्याची मुदत केव्हाच संपलेली असते. त्यानंतरचा फोटो कार्डावर पाठवला की कंट्रोलर 'मिळाला' असं सांगतो आणि पुढे दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर तो माहिती चक्क टाकून देतो, नाहीतर फिरून चिपच्या सुरुवातीला जातो आणि जुन्या फोटोंवर नवे लिहितो. गोदाम सोळा पोत्यांचं, पण वहीत मात्र एकशे अठ्ठावीस पोत्यांची नोंद, असा हा प्रकार. वही, म्हणजे फाइलींच्या नावांची यादी, कार्डाच्या सुरुवातीच्या भागात असते. तो भाग खऱ्या चिपवर असल्यामुळे नाव, तारीख आणि आकार सगळं बरोबर दिसत राहतं.

फोनची गॅलरीही नकळत या फसवणुकीला साथ देते. फोटोची छोटी प्रतिमा ती अनेकदा फोनच्याच मेमरीत ठेवते, म्हणून यादीत फोटो झकास दिसतो. बोट लावून मोठा करायला गेलं की अर्धा भाग राखाडी होतो किंवा 'फाइल उघडता येत नाही' असा संदेश येतो. कंट्रोलर फिरून मागे लिहिणारा असेल तर एक दिवस यादीवरच घाला पडतो आणि फोन कार्ड फॉरमॅट करायला सांगतो. कॉम्प्युटरवरही अशीच गल्लत होते. मोठी फाइल कार्डावर कॉपी केली, लगेच उघडली, चालली, म्हणून कार्ड चांगलं असं समजू नये. ती फाइल बहुधा कॉम्प्युटरच्या स्वतःच्या मेमरीतून उघडलेली असते.

म्हणून खात्रीचा मार्ग एकच. कार्ड काठोकाठ भरायचं आणि लिहिलेलं सगळं परत वाचून पडताळायचं. त्यासाठी विंडोजवर H2testw हा मोफत प्रोग्राम आहे. जर्मनीतल्या एका संगणक मासिकाच्या संपादकीय विभागातून तो आला आणि अजून त्याचाच आधार घेतला जातो. तो कार्डावर १ जीबीच्या फाइली लिहीत जातो आणि मग प्रत्येक बाइट तपासतो. आधी कार्डावर काही असेल तर ते कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. मग कार्ड रिकामं करा, कारण हा प्रोग्राम फक्त मोकळी जागा तपासतो. तो सुरू केला की भाषा इंग्रजी निवडा, `Select target`मध्ये कार्डाचं ड्राइव्ह अक्षर नीट बघून द्या, `all available space` निवडलेलं ठेवा आणि `Write + Verify` दाबा.

वेळ लागतो, आणि बरेच जण इथेच कंटाळून तपासणी सोडून देतात. १२८ जीबीचं कार्ड सेकंदाला १० एमबी वेगानं लिहिलं जात असेल तर नुसतं लिहायलाच साडेतीन तास जातात. वाचणं दुप्पट वेगानं झालं तरी आणखी पावणेदोन तास. रात्री लावून झोपावं आणि लॅपटॉप मध्येच स्लीपमध्ये जाणार नाही एवढं पाहावं. एकदा पूर्ण भरल्यानं कार्डाचं आयुष्य कमी होईल अशी भीती काहींना वाटते, पण एका फेरीनं चांगल्या कार्डाला काही होत नाही.

सकाळी `Test finished without errors` दिसलं तर क्षमता खरी आहे. त्या चाचणीच्या फाइली पुसून टाका आणि कार्ड वापरायला घ्या. आपल्या बनावट कार्डावर मात्र निकाल साधारण असा येईल:

```
The media is likely to be defective.
14.8 GByte OK
104.3 GByte DATA LOST
```

दोन्ही आकड्यांची बेरीज ११९.१, म्हणजे विंडोजनं दाखवलेलंच माप. त्यातलं १४.८ खरं. १६ जीबीचं कार्ड विंडोजवर साधारण एवढंच दिसतं, म्हणजे आत कोणती चिप आहे तेही कळलं. चांगला भाग ८, १६, ३२ जीबीच्या जवळ येऊन एकदम संपला तर ती बनावट क्षमता समजावी. चुका सगळ्या कार्डभर विखुरलेल्या असतील तर कार्ड खराब असू शकतं, किंवा दोष रीडरचा किंवा अॅडॉप्टरचाही असू शकतो. म्हणून दुकानदाराकडे जाण्याआधी दुसऱ्या रीडरवर एकदा पुन्हा चाचणी करा.

लिनक्स किंवा मॅक असेल तर F3 हा प्रोग्राम हेच काम करतो. खालच्या ओळींमध्ये आपल्या कार्डाचा पत्ता घाला आणि दोन्हींच्या मध्ये कार्ड एकदा काढून पुन्हा लावा, म्हणजे वाचन खरोखर कार्डावरूनच होईल:

```
f3write /media/card
f3read /media/card
```

त्याच संचातला `f3probe` काही मिनिटांत निकाल देतो, पण `--destructive` हा पर्याय लावून चालवला तर कार्डावरचं सगळं जातं. चुकून दुसऱ्या डिस्कचं नाव दिलं तर तीही जाते. घरच्या कामासाठी सावकाश चालणारी पद्धतच मी सुचवेन.

या चाचणीला मर्यादाही आहे. नामवंत कंपनीचं खोटं लेबल लावलेलं, पण क्षमता खरी असलेलं कार्ड यात पास होतं. तिथे वेगाचा आकडा कामी येतो. कार्डावर व्ही३० छापलं असेल तर सेकंदाला किमान ३० एमबी सलग लिहिता आलं पाहिजे. चाचणीत ८ किंवा ९ दिसत असतील तर शंका घ्यायला जागा आहे. मात्र जुन्या यूएसबी २.० रीडरवर वेग तसाही अडतो, म्हणून आपल्याकडच्या खात्रीच्या कार्डाशी त्याच रीडरवर तुलना करावी. पुसट छपाई, लेबलवरचं चुकीचं स्पेलिंग, मागे अनुक्रमांकच नसणं या खुणा बघाव्यात, पण पाकीट चांगलं दिसलं म्हणून चाचणी टाळू नये. काही कार्डांना तर चाचणीचीही गरज नसते. पाचशे रुपयांत २ टीबी मायक्रोएसडी असं लिहिलेलं दिसलं की तिथेच थांबावं. १ टीबीची मायक्रोएसडी कार्डंच मुळी २०१९मध्ये जाहीर झाली, आणि एसडीएक्ससी या प्रकाराची कमाल मर्यादाच २ टीबी आहे.

कार्ड वापरात असतानाच शंका आली, तर पहिलं काम म्हणजे त्यावर एकही नवा फोटो जाऊ न देणं. फॉरमॅट करू नका आणि चाचणीही लगेच चालवू नका, कारण चाचणी लिहूनच होते. जे उघडतं ते सगळं आधी कॉम्प्युटरवर उतरवा आणि एकेक फाइल मोठी करून तपासा. नुसत्या यादीवर विसंबू नका. यादी खराब झाली असेल तर फोटोरेक हा मोफत प्रोग्राम कार्डावर काही न लिहिता उरलेले फोटो शोधतो. सापडलेले फोटो कॉम्प्युटरवरच साठवा. जे कंट्रोलरनं टाकून दिले ते चिपवर कधी गेलेच नाहीत, त्यामुळे कितीही पैसे घेणारा माणूस ते परत आणू शकत नाही. असं आश्वासन कोणी दिलं तर तिथे खर्च करू नये.

निकालाचा स्क्रीनशॉट, बिल आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो घेऊन विक्रेत्याकडे जा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ऑनलाइन खरेदी असेल तर माल आला त्याच रात्री चाचणी लावावी, म्हणजे परतीची मुदत हातात राहते. पैसे परत मिळाले आणि कार्ड आपल्याकडेच राहिलं, तर `f3fix`नं ते खऱ्या १४-१५ जीबीपुरतं आखून वापरता येतं असं सांगणारे भेटतील. तांत्रिकदृष्ट्या ते जमतं. पण कार्ड दुसऱ्या कोणी पुन्हा फॉरमॅट केलं की ते परत १२८ जीबी दाखवू लागतं, आणि लेबलही तेच असतं. कोणाला देऊ नका, विकू नका, कात्रीनं दोन तुकडे करा आणि ई-कचऱ्यात टाका.